जुना खोकला आणि फुंकरीचा रिपोर्ट

खोकला महिनोन्‌महिने जात नसेल तर डॉक्टर नळीत जोरात फुंकर मारायला लावतात. ही स्पायरोमेट्री. तिच्या रिपोर्टवर आकडे पुष्कळ असतात, पण आधी तीनच पाहावेत.

उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांच्या एक ताई. कधी विडी ओढली नाही, पण पंचवीस वर्षे चुलीसमोर बसल्या. दोन वर्षांपासून खोकला आहे आणि जिना चढताना धाप लागते. थुंकी तपासली, टीबी निघाला नाही.

पहिला आकडा एफव्हीसी. छाती भरून घेतलेला श्वास शेवटपर्यंत सोडला तर एकूण किती हवा बाहेर आली, ते हा सांगतो. ताईंची २.०० लिटर आली. त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईकडून २.३० लिटरची अपेक्षा असते, म्हणजे ८७ टक्के. साधारण ८० च्या वर असले की ठीक मानतात. फुप्फुसात हवा मावते आहे.

दुसरा एफईव्ही-१. त्यातली पहिल्या एका सेकंदात किती निघाली? ताईंची १.१० लिटर. अपेक्षा १.८५ ची होती.

तिसरा आकडा या दोघांचे प्रमाण. १.१० भागिले २.०० म्हणजे ५५ टक्के. हे ७० च्या खाली गेले की श्वासनळ्या अरुंद झाल्या असे समजतात. मडके मोठे, पण तोंड चिंचोळे. पाणी आहे, ते हळू पडते. याउलट प्रमाण चांगले आणि एफव्हीसीच कमी असेल, तर मडकेच लहान झाल्याची शंका येते आणि पुढची तपासणी लागते.

मग ताईंना नळ्या मोकळ्या करणारे औषध पंपाने दिले आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकर घेतली. एफईव्ही-१ फक्त १.१८ झाला आणि प्रमाण ७० च्या खालीच राहिले. आकडा बराच वाढला असता तर दम्याकडे बोट गेले असते. इथे अडथळा कायम राहिला, म्हणून डॉक्टरांनी सीओपीडी सांगितला. हा आजार विडी न ओढणाऱ्यालाही चुलीच्या धुरामुळे होतो. गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही; पण धूर बंद केला आणि पंप रोज नीट घेतला तर धाप कमी होते.

रिपोर्ट चुकतो तो बहुधा फुंकरीमुळे. ओठांतून हवा गळली किंवा फुंकर मध्येच सोडली, तर आकडे खोटे येतात. म्हणून निदान तीन चांगल्या फुंकरी घेतात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन जवळजवळ सारख्या याव्या लागतात. एकच फुंकर घेऊन रिपोर्ट दिला असेल तर तपासणी पुन्हा करून मागावी.

आणि ही तपासणी टीबी ओळखत नाही. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. ती मोफत होते. फुंकर त्यानंतर.