आकडा कोणत्या भाषेत ऐकू येतो?

अँड्रॉइड फोनवरचा टॉकबॅक स्वतः बोलत नाही. बोटाखाली काय आहे ते तो ओळखतो आणि तो मजकूर फोनमधल्या वाचा-इंजिनाकडे देतो; आवाज त्या इंजिनाचा. नव्याने दृष्टी गेलेल्या माणसाला फोन लावून देताना ही विभागणी आधी कळावी लागते. नाहीतर टॉकबॅकच्या सेटिंग्ज उलट्यापालट्या करूनही आवाज तोच राहतो.

काचबिंदूने दृष्टी गेलेले एक काका माझ्याकडे शिकायला येतात. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. मुलाने टॉकबॅक सुरू करून दिला होता. काकांची तक्रार एकच: "बाई बोलते, पण पैशाचं काही कळत नाही." मी त्यांना बँकेचा एक मेसेज लावायला सांगितला. रक्कम होती 69 रुपये. फोन म्हणाला, "उनहत्तर". काकांनी बहात्तर, त्र्याहत्तरच्या ओळीतला आकडा समजून सत्तरच्या पुढचं काहीतरी धरलं होतं.

देवनागरी हिंदीचीही आणि मराठीचीही. नुसत्या अक्षरांवरून भाषा ठरवणं अवघड, त्यामुळे इंजिनाला जी भाषा नेमून दिली असेल तिच्या वळणाने ते वाचतं. हिंदी आवाज मराठी मजकूर बऱ्यापैकी ओढून नेतो, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. मी मात्र पहिली चाचणी आकड्यांची घेते. 25 ला 'पच्चीस' ऐकू आलं की आवाज हिंदी, 'पंचवीस' आलं की मराठी. 'चमचा' हा शब्दही चटकन चुगली करतो. हिंदी आवाजात त्याचा च तालव्य होतो.

काकांच्या फोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत 'टेक्स्ट टू स्पीच' उघडलं. फोनच्या कंपनीप्रमाणे त्याची जागा थोडी बदलते. इंजिन गूगलचं होतं. त्याच्या सेटिंगमधून आधी मराठीचा व्हॉइस डेटा उतरवून घेतला, आणि मगच भाषा मराठी केली. हा क्रम मी मोडत नाही. आवाज उतरलेला नसताना भाषा बदलली आणि फोन गप्प झाला, तर न दिसणाऱ्या माणसाला परतीची वाट सापडत नाही. पूर्ण उतरवलेला आवाज नेट नसतानाही बोलतो. गावात रेंज गेली की त्याची किंमत कळते. फोनची स्वतःची भाषा मात्र वेगळी बदलावी लागते, नाहीतर बटणांची नावं इंग्रजीच राहतात आणि मराठी आवाज ती वाचत बसतो.

मग वेग. पाहणाऱ्या माणसाचा हात इथे हमखास चुकीच्या दिशेला जातो: कळावं म्हणून तो वेग अगदी कमी करून ठेवतो. फार संथ आवाजात शब्द ताणले जातात आणि वाक्याचं शेपूट येईस्तोवर सुरुवात विसरते. मी नेहमीच्या वेगापासून सुरुवात करते आणि सराव संपर्कयादीवर घेते, कारण नावं ओळखीची असतात. मी फक्त बोटाकडे पाहते. नाव पूर्ण होण्याआधी बोट पुढच्या नावावर सरकलं, तर कान पुढे गेलेत. वेग एक पायरी वाढवायचा. बोट त्याच नावावर परत आलं, तर वेग जास्त झालाय. काका "कळतंय, कळतंय" म्हणत होते, पण बोट दोनदा मागे आलं. मी पायरी उतरवली.

यासाठी दर वेळी सेटिंग उघडायची गरज नसते. नव्या टॉकबॅकमध्ये तीन बोटं वर किंवा खाली सरकवून वाचनाचे पर्याय फिरवता येतात. 'वेग' ऐकू आला की एक बोट वर किंवा खाली. त्याच यादीत बोलण्याची भाषाही ठेवता येते. नसेल तर टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये जाऊन वाचनाच्या पर्यायांत तिला खूण करावी लागते. काकांनी हे पाठ केलं: नावं भरभर, बँकेचा मेसेज सावकाश.

आवाज कोणता निवडावा याचं उत्तर सवयीप्रमाणे बदलतं. नव्या माणसाला माणसासारखा आवाज सोसतो. सराव झालेले बरेच जण मात्र ईस्पीकचा यांत्रिक आवाज पसंत करतात. तो कानाला कोरडा वाटतो, पण खूप वेगातही त्याचे उच्चार एकमेकांत मिसळत नाहीत आणि बोट ठेवताच तो बोलतो. जुन्या, कमी मेमरीच्या फोनवर ही तत्परता फार उपयोगी, कारण आवाज उशिरा आला की माणूस पुन्हा बोट लावतो आणि सगळं गोंधळतं.

एका ठिकाणी यातलं काहीच चालत नाही. नातवाचा मेसेज येतो: kaka udya yeto. रोमन लिपीतल्या मराठीचा आवाज इंग्रजी वळणाने चुथडा करतो. तेव्हा वाचनाचा पर्याय 'अक्षरे' करून एकेक अक्षर ऐकावं लागतं. काकांच्या घरी मी नातवाच्या कीबोर्डला मराठी जोडून दिली आणि घाई असेल तेव्हा बोलूनच मेसेज पाठव, असं त्याला सांगितलं.