आधी संस्थेचं काम, मग स्वतःचं नाव

दूध संघाच्या सभागृहात संचालक मंडळ बसलं आहे. दूध तपासणीची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीची प्रतिनिधी उभी राहते. बहुतेक जण इथे नाव, पदवी आणि अनुभवाची वर्षं सांगायला लागतात. ऐकणाऱ्यांना मात्र अजून हेच कळलेलं नसतं, की ही मंडळी नेमकं कुणासाठी काय करतात. त्यामुळे ती माहिती कुठे बसवायची, हे त्यांना उमगत नाही.

तिने अशी सुरुवात करून पाहावी: “नमस्कार. दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला फॅटचा बरोबर आकडा संकलन केंद्रावर, त्याच्या डोळ्यांसमोर दिसावा, यासाठी आमची कंपनी काम करते. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, म्हणून आकडा चुकला की पैसे चुकतात. तुमच्या केंद्रांवर हे कसं जमेल, ते आज दाखवते. कंपनीत यंत्रांच्या कॅलिब्रेशनचं काम माझ्याकडे आहे.” यापुढे नाव.

एवढं बोलायला अर्धा मिनिट पुरतो. शेवटच्या वाक्याची जागा महत्त्वाची आहे. ‘बरोबर आकडा’ म्हटल्यावर जाणता संचालक लगेच विचारणार, की यंत्र महिनाभर वापरल्यावरही आकडा बरोबर राहतो कशावरून? त्याचं उत्तर देणारी व्यक्ती समोरच उभी आहे, हे त्याला आधीच कळलेलं असतं. हेच वाक्य सुरुवातीला आलं असतं, तर ते नुसतं पद राहिलं असतं.

गडबड होते ती वेबसाइटवरचा मजकूर पाठ म्हटल्यावर. ‘जागतिक दर्जाची, ग्राहककेंद्री, अग्रगण्य सेवा’ या वाक्यात प्रतिस्पर्धी कंपनीचं नाव घातलं तरी ते तसंच चालतं. तेव्हा ते बाद करावं. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी 1976 मध्ये मदुराईत सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं ध्येय बघा: टाळता येण्याजोगं अंधत्व दूर करणं. कोणाची कोणती अडचण, ते एका दमात कळतं. शिवाय सगळंच अंधत्व घालवू, असा दावा त्यात नाही. ‘टाळता येण्याजोगं’ या शब्दांनी मर्यादाही सांगून टाकली आहे. आपल्या वाक्यातही अशी मर्यादा हवी, कारण यंत्र फॅट मोजतं, दुधातली प्रत्येक भेसळ ते पकडत नाही. ध्येय सांगताना ‘भेसळमुक्त दूध’ असं बोलून गेलात, तर पुढचा सगळा वेळ खुलासे करण्यात जातो.

जुन्या क्लायंटपुढे मात्र हे पुन्हा ऐकवू नये. तिथे एक वाक्य पुरे, आणि थेट मागच्या बैठकीतल्या कामावर यावं.

पुढच्या प्रेझेंटेशनआधी आपलं ध्येयाचं वाक्य त्या धंद्यातल्या नसलेल्या घरच्या माणसाला एकदाच ऐकवा आणि तुमची संस्था काय करते ते त्याला सांगायला लावा. अडखळला, तर वाक्य बदला.