३२,७६८ जोड्या जुळवा

शाळेच्या प्रश्नपत्रिकेत ‘जोड्या जुळवा’ हा प्रश्न सगळ्यांचा लाडका. ‘अ’ गटात पाच नावं, ‘ब’ गटात पाच. तीन येत असतील तर उरलेल्या दोन अंदाजाने लावूनही निभावतं. आता ‘अ’ गटात ३२,७६८ छायाचित्रं आणि ‘ब’ गटात तितक्याच इंग्रजी ओळी आहेत, अशी प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर आणा. ती सोडवून झाली की दुसरी, मग तिसरी, अशा पावणेचार लाखांहून अधिक. ओपनएआय या अमेरिकन कंपनीतल्या अॅलेक रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२१मध्ये जाहीर केलेलं ‘क्लिप’ हे मॉडेल अशाच प्रश्नपत्रिका सोडवत चित्र आणि शब्द यांचा संबंध शिकलं.

त्याआधीची रीत वेगळी होती. ‘इमेजनेट’ या प्रसिद्ध संग्रहात सुमारे तेरा लाख छायाचित्रं आणि एक हजार ठरलेले वर्ग होते. प्रत्येक छायाचित्र कोणत्या वर्गात बसतं, हे माणसांनी तपासून दिलेलं. त्यावर तयार झालेलं मॉडेल त्या हजार वर्गांत पटाईत व्हायचं. पण हजारएकावी वस्तू समोर आली की तिला त्या हजारांपैकीच एखाद्या खणात कोंबायचं. रॅडफर्ड यांच्या गटाने वर्ग ठरवलेच नाहीत. इंटरनेटवर छायाचित्रांसोबत लोकांनी आपापल्या कारणांसाठी लिहिलेला मजकूर असतोच. अशा ४० कोटी जोड्या त्यांनी जमवल्या.

सुरुवातीला त्यांनी चित्र दाखवून सोबतची ओळ शब्दशः लिहून घ्यायचा प्रयत्न केला. तो फार संथ निघाला, आणि त्याचं कारण उघड आहे: एकाच कुत्र्याच्या फोटोखाली कुणी जात लिहितं, कुणी त्याचं लाडाचं नाव, कुणी सहलीची तारीख. नेमके शब्द ओळखणं जवळपास अशक्य. मग त्यांनी प्रश्नच सोपा केला. ओळ लिहू नका. समोरच्या ढिगातून या चित्राची ओळ कोणती, एवढंच सांगा.

हे घडतं कसं? मॉडेलचे दोन भाग असतात. एक चित्र वाचतो, दुसरा मजकूर. क्लिपच्या एका प्रकारात चित्राचे उभे-आडवे सात-सात असे ४९ चौकोन केले जातात आणि त्यांतून शेवटी ५१२ आकड्यांची एक यादी तयार होते. मजकुराच्या भागातूनही ५१२ आकड्यांचीच यादी बाहेर पडते. या यादीकडे ५१२ दिशांच्या अवकाशातला एक बाण म्हणून पाहायचं. सगळ्या बाणांची लांबी सारखी केलेली असते, त्यामुळे उरते ती फक्त दिशा. दोन बाण एकाच दिशेला असतील तर साम्य १, काटकोनात असतील तर ०. चित्राचा बाण आणि शब्दांचा बाण एकाच मापाने मोजता येतात; ‘सामायिक अवकाश’ म्हणतात तो हाच.

प्रशिक्षणाच्या आरंभी हे बाण वाटेल तिकडे तोंड करून असतात. प्रत्येक फेरीत खऱ्या जोडीचे बाण जवळ ओढले जातात आणि बाकी सगळे एकमेकांपासून दूर ढकलले जातात. नुसतं ओढणं पुरलं नसतं, कारण मग मॉडेलने सगळे बाण एकाच दिशेला वळवून शंभर टक्के साम्य दाखवलं असतं आणि शिकलं काहीच नसतं. शिकवण्याचं खरं काम चुकीच्या जोड्या करतात.

चारच ओळींचं उदाहरण घेऊ. समजा, एका चित्राचं त्याच्या खऱ्या ओळीशी साम्य ०.३० आहे आणि इतर तीन ओळींशी ०.२५, ०.१८ आणि ०.१५. हे आकडे एका गुणकाने वाढवून त्यांचं शक्यतेत रूपांतर केलं जातं. हा गुणक मॉडेल स्वतःच शिकतं. सुरुवातीला तो साधारण १४ असतो; तेव्हा खऱ्या ओळीच्या वाट्याला जेमतेम ५६ टक्के येतात. पुढे गुणक वाढत जातो, आणि १००वर तो अडवलेला असतो. तिथे त्याच आकड्यांतून खऱ्या ओळीला ९९ टक्क्यांहून अधिक मिळतात, आणि उरलेलं जवळजवळ सगळं ०.२५वाल्या ओळीकडे जातं. दूरच्या दोन ओळी हिशेबातून जणू बादच होतात. सुधारणेचा सगळा जोर त्या एका जवळच्या प्रतिस्पर्ध्यावर पडतो. हाच हिशेब उलट बाजूनेही, म्हणजे ओळीसाठी चित्र शोधताना होतो.

प्रश्नपत्रिका एवढी लांबलचक का, याचं उत्तर इथेच आहे. पाच ओळींत कुत्र्याची ओळ एकच असेल; कुत्रा आणि विमान यांतला फरक कळला की भागलं. बत्तीस हजारांत कुत्र्यांच्या ओळी पुष्कळ असतात. मग जात, रंग, गवत, समुद्रकिनारा, रेखाचित्र की फोटो, हे सगळं पाहावंच लागतं.

या शिक्षणाचं फळ असं की, नवे वर्ग फक्त वाक्यात लिहून द्यायचे. ‘हा कुत्र्याचा फोटो आहे’, ‘हा मांजराचा फोटो आहे’ अशी इंग्रजी वाक्यं करायची आणि चित्राचा बाण कोणत्या वाक्याजवळ आहे ते बघायचं. इमेजनेटमधलं माणसांनी वर्गवार लावलेलं एकही उदाहरण शिकवणीत न वापरता क्लिपच्या सर्वांत चांगल्या मॉडेलने तिथे ७६.२ टक्के उत्तरं बरोबर दिली. वाक्यरचना मात्र जपावी लागते. नुसतं ‘बॉक्सर’ लिहिलं तर मॉडेल मुष्टियोद्ध्याकडे वळतं. ‘पाळीव प्राण्याचा एक प्रकार’ असं जोडलं की कुत्रा सापडतो.

आता दुसरी बाजू. जो फरक प्रश्नपत्रिकेत कधी विचारलाच गेला नाही, तो शिकायचं मॉडेलला कारण नसतं. ‘घोडा गवत खातोय’ या ओळीच्या शेजारी ‘गवत घोडा खातंय’ अशी ओळ यदृच्छेने कधी येणार? घोडा आणि गवत दिसले की जोडी जुळते. कोण कुणाला खातंय हे पाहायची गरज पडत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२मध्ये नेमकी अशी उलटी वाक्यं समोर ठेवली, तेव्हा नातेसंबंध ओळखताना क्लिपची उत्तरं नाणेफेकीहून फारशी बरी नव्हती. मग त्यांनी मुद्दाम शब्दांची अदलाबदल केलेल्या ओळी प्रशिक्षणात मिसळल्या. गुण ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेले.

आणखी एक चूक गमतीची आहे. ओपनएआयच्याच संशोधकांनी हिरव्या सफरचंदावर ‘आयपॉड’ असं हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली, आणि मॉडेल ते आयपॉड असल्याचं ठामपणे सांगू लागलं. चित्रातली अक्षरं आणि खालचा मजकूर जुळणं हा इंटरनेटवर जोडी लावायचा सोपा मार्ग असणार. मॉडेलने तो उचलला, यात नवल नाही.

मराठीचं काय? मूळ क्लिपचा मजकूर-भाग इंग्रजीवर वाढलेला. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटांचं होतं, आणि क्लिपची मर्यादा ७७ तुकड्यांची. त्यामुळे बेताच्या लांबीचं मराठी वाक्यसुद्धा चुऱ्यासारखं आत जातं. यावरचा एक रुळलेला उपाय असा: चित्राचा भाग तसाच ठेवायचा, अनेक भाषा जाणणारा नवा मजकूर-भाग घ्यायचा, आणि इंग्रजी वाक्य व त्याचं भाषांतर यांचे बाण एकाच दिशेला येईपर्यंत त्याला शिकवायचं. त्यासाठी चित्रंही लागत नाहीत.

पण यात अडचण आहे. चित्रांचे बाण अजूनही इंग्रजी ओळींनी लावून दिलेल्या जागांवरच असतात. थालीपीठ आणि धपाटं या दोन्हींच्या फोटोंखाली जर ‘भारतीय पोळी’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्यांना एकमेकांपासून दूर ढकलणारं कुणी नव्हतंच. मजकुराचा भाग मराठीत कितीही तरबेज असला तरी. हे तपासणं अवघड नाही. दोन्हींचे वीस-वीस फोटो घ्यायचे, दोन्ही नावांची वाक्यं द्यायची आणि कोणता फोटो कुणाकडे झुकतो ते मोजायचं. दोन्ही ढीग एकाच नावाकडे गेले, किंवा विभागणी निम्मी-निम्मी आली, तर मराठी ओळी असलेले नवे फोटो जमवून चित्राचा भागही पुन्हा शिकवावा लागतो. आणि ते करताना थालीपीठ आणि धपाटं एकाच प्रश्नपत्रिकेत शेजारी येतील अशी तजवीज करावी लागते.