काही अडचण नाही ना?

काही वर्षं मी एका छापखान्यात प्रूफं वाचण्याचं आणि छपाईला मंजुरी देण्याचं काम केलं. एकदा दिवाळी अंकाचा १६ पानी फर्मा मशीनवर होता. २००० ताव छापून झाल्यावर लक्षात आलं, की एका कथेची दोन पानं आपसांत बदलली आहेत. मशीनमनकाकांनी पहिला ताव दुमडून पाहिला, तेव्हाच त्यांना ते दिसलं होतं. ‘मग बोलला का नाहीत?’ मी विचारलं. ‘मला वाटलं, तुम्ही पाहिलं असेल,’ ते म्हणाले.

त्याआधी महिनाभर त्यांनी मला एक वेलांटी चुकल्याचं दाखवलं होतं. वेलांटी बरोबर होती. मी कवीच्या ऐटीत म्हणालो होतो, ‘काका, तुम्ही मशीन सांभाळा, भाषा मी बघतो.’ तेवढं पुरलं.

श्रोतेहो, यालाच अभ्यासक ‘मानसिक सुरक्षितते’चा अभाव म्हणतात. आपण शंका विचारली, चूक सांगितली, साहेबांच्या मताविरुद्ध बोललो, तर आपला पाणउतारा होणार नाही, असा भरवसा सगळ्या गटाला असणं म्हणजे मानसिक सुरक्षितता.

हार्वर्ड विद्यापीठातल्या एमी एडमंडसन यांना ही गोष्ट जवळजवळ अपघातानेच सापडली. रुग्णालयात औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास चालला होता. ज्या वॉर्डातले लोक एकमेकांशी चांगले वागतात, तिथे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते उलटे! चांगल्या गटांत चुका जास्त. मग ज्याला हे आकडे ठाऊक नव्हते, अशा एका सहकाऱ्याला त्यांनी वॉर्डांत बसून निरीक्षण करायला सांगितलं. उलगडा झाला तो असा, की काही वॉर्डांत परिचारिका चुकांबद्दल मोकळेपणाने बोलत होत्या, तर काही ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. १९९६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘आमच्याकडे चुकाच होत नाहीत’ असं सांगणाऱ्या विभागप्रमुखांनी तो जरूर वाचावा. कागदावर येतात त्या सांगितलेल्या चुका. झालेल्या किती, ते कागद सांगत नाही.

आता हा भरवसा येतो कुठून? भाषणातून नाही. ‘माझं दार सदैव उघडं आहे’ असं म्हणणाऱ्या साहेबांच्या दारात मी सहसा कुणी पाहिलेलं नाही. भरवसा येतो तो प्रश्नाच्या घडणीतून. आपण मराठी माणसं विचारतो, ‘काही अडचण नाही ना?’ त्या ‘नाही ना’मध्येच उत्तर भरून दिलेलं असतं. समोरचा ‘नाही साहेब’ म्हणतो आणि सुटतो. त्याऐवजी ‘या आठवड्यात काम कुठे अडलं?’ असं विचारलं, की अडणं गृहीत धरलेलं असतं, सांगणारा वेगळा पडत नाही. अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका बालरुग्णालयात ज्युली मोराथ या अधिकाऱ्यांनी हेच केलं. चुका झाल्या का, असं न विचारता, या आठवड्यात सगळं तुम्हाला हवं तितकं सुरक्षित होतं का, असं त्या विचारत.

प्रश्नानंतर थोडं थांबावं लागतं. दहा सेकंदांची शांतता साहेबालाच जड जाते आणि तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. कुणी बोललंच, तर पहिलं वाक्य सगळ्यांच्या कानात राहतं. ‘कुणी केलं हे?’ म्हटलं, की त्या दिवसापुरता माणूस सापडतो आणि पुढच्या बातम्या बंद होतात. ‘बरं झालं, आत्ताच सांगितलंत. कसं घडलं?’ म्हटलं, की चूक सापडते. सांगितलेलं चुकीचं निघालं तरी आभार मानायचे. माझी वेलांटी तिथेच अडकली होती.

याचा अर्थ सगळं माफ, असा नव्हे. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. कामाचा दर्जाही सैल करायचा नाही. आणि बैठकीत कुणी वाद घालत नाही, हे सुरक्षिततेचं लक्षण समजू नये. बैठकीत सगळे मान डोलावतात आणि खरी चर्चा नंतर चहाच्या टपरीवर रंगते, तिथे भरवसा नाही हे ओळखावं.

त्या फर्म्यानंतर मी मशीनमनकाकांची माफी मागितली. मग रोज पहिला ताव त्यांच्या हातात देऊन विचारू लागलो, ‘काका, यात काय खटकतंय?’ पंधरा दिवस ते ‘काही नाही’ म्हणाले. सोळाव्या की सतराव्या दिवशी त्यांनी एका जाहिरातीवर बोट ठेवलं. दूरध्वनी क्रमांकातला एक आकडा गळला होता.