आधी चौक गाळा, मग वाट शोधा

वाटशोधाच्या संशोधनात पश्चिम युरोपच्या रस्त्यांचा एक नकाशा कसोटीसाठी कायम वापरला जातो. त्यात सुमारे १ कोटी ८० लाख चौक आहेत आणि रस्त्यांचे साधारण ४ कोटी २० लाख तुकडे. या नकाशावरच्या कुठल्याही दोन चौकांमधली सर्वांत जलद वाट आजची इंजिनं एका मिलिसेकंदाच्या आत काढतात. डायक्स्ट्राची मूळ पद्धत जशीच्या तशी चालवली, तर त्याच प्रश्नाला काही सेकंद लागतात. हा हजारो पटींचा फरक वेगवान यंत्रातून आलेला नाही. प्रश्न येण्याआधीच नकाशावर एकदा करून ठेवलेल्या कामातून तो आला आहे.

डायक्स्ट्राची पद्धत पाणी पसरावं तशी चालते. सुरुवातीच्या चौकातून निघायचं आणि अजून पक्का न झालेल्यांपैकी सर्वांत जवळचा चौक दर वेळी पक्का करायचा. उत्तर अचूक येतं, पण मुक्काम पूर्वेला असला तरी पाणी पश्चिमेलाही तितकंच पसरतं. लांबच्या प्रवासात निम्मा नकाशा, म्हणजे जवळपास ९० लाख चौक, सहज भिजतो. त्यातल्या बहुतेक गल्ल्यांचा आपल्या वाटेशी काही संबंध नसतो.

मग सगळ्या जोड्यांची उत्तरं आधीच काढून तक्त्यात का ठेवू नयेत? १ कोटी ८० लाखांचा वर्ग होतो ३२४ लाख कोटी. एका उत्तराला चार बाइट धरले तरी तक्ता सुमारे १,३०० टेराबाइटचा होतो. काहीच तयारी न करणं हे एक टोक आणि सगळं करून ठेवणं हे दुसरं. या दोहोंच्या मधला मार्ग २००८ मध्ये कार्ल्सरूहच्या गाइसबर्गर, झांडर्स, शुल्टेस आणि डेलिंग यांनी मांडला. त्याचं नाव कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीज.

कल्पना अशी, की नकाशातले चौक एकेक करून गाळत जायचे, पण एकही जलद वाट तुटू द्यायची नाही. एखादा चौक गाळताना त्याच्या शेजाऱ्यांची प्रत्येक जोडी तपासायची. या दोघांमधली जलद वाट याच चौकातून जाते का? या चौकाला वगळूनही तितकीच किंवा त्याहून जलद वाट मिळाली, तर ती साक्षीदार ठरते आणि काहीच करावं लागत नाही. साक्षीदार मिळाला नाही, तर त्या दोन शेजाऱ्यांमध्ये थेट शॉर्टकट टाकायचा. त्याचा वेळ म्हणजे दोन तुकड्यांची बेरीज, आणि मधला चौक कोणता होता याची नोंदही ठेवायची.

```python
for u, a in incoming[v]:
    for w, b in outgoing[v]:
        if u != w and witness(u, w, skip=v) > a + b:
            add_shortcut(u, w, a + b, via=v)
```

पाच चौकांवर हे करून पाहू. सगळे रस्ते दुतर्फा आहेत आणि वेळ मिनिटांत. क–ख ३, ख–ग २, ग–घ ४, ख–घ ५, घ–च १. आधी ग गाळू. ख ते घ हे अंतर ग मार्गे ६ मिनिटांचं, पण थेट रस्ता ५ मिनिटांचा आहे. साक्षीदार मिळाला, शॉर्टकट नको. मग ख गाळू. क ते घ हे अंतर ख मार्गे ८ मिनिटांचं आणि दुसरी वाटच नाही, म्हणून क–घ असा ८ मिनिटांचा शॉर्टकट पडतो. पुढे क, च आणि शेवटी घ जातात, तेव्हा नवं काही लागत नाही. गाळण्याचा क्रम हीच प्रत्येक चौकाची पायरी. ग सर्वांत खाली, त्यावर अनुक्रमे ख, क, च आणि माथ्यावर घ.

शोधाचा नियम एकच आहे. दोन्ही टोकांकडून निघायचं आणि फक्त वरच्या पायरीकडे जायचं. क पासून च ला जायचं असेल, तर क वरून शॉर्टकटने घ ला ८, आणि च वरून घ ला १. एकूण ९ मिनिटं. मग नोंद पाहून शॉर्टकट उलगडायचा: क, ख, घ, च. बरोबर तीच खरी वाट आहे.

फक्त वर चढून उत्तर चुकत कसं नाही? कोणतीही जलद वाट घ्या. तिच्या मध्ये दोन्ही शेजाऱ्यांपेक्षा खालच्या पायरीचा चौक असेल, तर तो त्यांच्याआधी गाळला गेलेला असणार. त्या वेळी एकतर शॉर्टकट पडला किंवा तितकाच चांगला साक्षीदार सापडला. म्हणजे तो खळगा वगळता येतो. असे सगळे खळगे भरून काढले, की उरते ती आधी चढणारी आणि मग उतरणारी वाट. दोन्हीकडून चढणारे शोध तिच्या माथ्यावर भेटतात.

प्रोग्रॅमर इथे एक चूक हमखास करतात. दोन शोध पहिल्यांदा भेटले, की थांबतात. आपल्याच नकाशात ग पासून क ला जाऊन पाहा. ग वरून ख ला २ आणि घ ला ४ मिळतात, क वरून घ ला ८. दोघांची पहिली भेट घ वर होते आणि एकूण १२ मिनिटं निघतात. खरं उत्तर मात्र ख मार्गे ५ आहे. म्हणून सापडलेलं सर्वोत्तम उत्तर जपून ठेवायचं. एका बाजूच्या रांगेतला सर्वांत लहान वेळ त्या उत्तराइतका किंवा त्याहून मोठा झाला, की ती बाजू थांबवायची. दोन्ही बाजू थांबेपर्यंत शोध संपत नाही. ही चूक पकडायला यादृच्छिक जोड्या घेऊन साध्या डायक्स्ट्राशी उत्तरं ताडावीत. आपलं उत्तर मोठं आलं, तर शोध लवकर थांबला आहे किंवा एखादा शॉर्टकट राहून गेला आहे. लहान आलं, तर शॉर्टकटची बेरीज चुकली आहे.

साक्षीदार शोधताना मात्र थोडी सूट घेता येते. थोडा शोध घेऊन सोडून दिला, तर फार तर एखादा अनावश्यक शॉर्टकट पडतो. फाइल फुगते, उत्तर चुकत नाही.

खरा कस लागतो तो कोणता चौक आधी गाळायचा हे ठरवताना. बंद गल्लीच्या टोकाला एकच शेजारी असतो, म्हणून तिथे शॉर्टकट लागत नाही. वळणावरच्या बिंदूमुळे दोन तुकडे जातात आणि फार तर एक शॉर्टकट येतो. चार दुतर्फा रस्त्यांच्या मोठ्या चौकात मात्र चार रस्ते जाऊन शेजाऱ्यांच्या सहा जोड्यांचे सहा शॉर्टकट पडू शकतात. म्हणून ज्याने भर कमी पडते तो चौक आधी गाळायचा, आणि गाळण्याचं काम नकाशाभर सारखं पसरवायचं. आधी गल्ल्या जातात, हमरस्त्यांवरचे चौक माथ्यावर उरतात. युरोपच्या नकाशात शॉर्टकटमुळे तुकडे साधारण दुप्पट होतात, पण शोधाला काही शेच चौक पाहावे लागतात.

ही किमया रस्त्यांच्या स्वभावावर उभी आहे. लांबचे प्रवास थोड्याच मोठ्या मार्गांवरून जातात, म्हणून उतरंड बनते. जिथे प्रत्येक जण कुणाशीही जोडलेला असतो, अशा मैत्रीच्या जाळ्यात शॉर्टकट भराभर वाढतात आणि पद्धत गुदमरते.

दुसरी मर्यादा वेळांची आहे. प्रत्येक शॉर्टकटमध्ये जुन्या वेळांची बेरीज गोठलेली असते. वाहतूक तुंबून एका पुलाचा वेळ बदलला, तर त्यावरून गेलेले शॉर्टकट खोटे पडतात, आणि एखादा जुना साक्षीदारही खोटा ठरू शकतो. ओएसआरएम या मुक्त इंजिनात म्हणूनच दोन वाटा आहेत. वेळ क्वचित बदलत असतील, तर `osrm-contract` चालवून आत्ता पाहिलेली तयारी करायची. सतत बदलत असतील, तर `osrm-partition` ने नकाशाचे भाग एकदाच पाडायचे आणि नवे वेळ आले की फक्त `osrm-customize` पुन्हा चालवायचं. या दुसऱ्या वाटेत शोध थोडा मंदावतो, पण तयारी लवकर ताजी करता येते. म्हणून निवड करताना आधी आपले वेळ किती वेळा बदलतात ते पाहावं.