घोळणा वारंवार फुटतो तेव्हा

नाकातून रक्त येणे ही गोष्ट आपल्याकडील घरांना नवी नाही. उन्हाळ्यात मुलाचा घोळणा फुटला की आजी कांदा फोडून हुंगावयास देते, डोक्यावर गार पाण्याची धार धरली जाते, आणि ‘उष्णता झाली’ एवढ्या दोन शब्दांत निदान संपते. बहुतेक वेळा ते फारसे चुकतही नाही. नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढील भागी बारीक रक्तवाहिन्यांचे एक जाळे अगदी वरवर पसरलेले असते. कोरड्या हवेने तेथील त्वचा तडकते, किंवा मुलाचे नख लागते, आणि रक्त वाहू लागते. मुलाला बसवून, मान किंचित पुढे झुकवून, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहापंधरा मिनिटे घट्ट धरून ठेवला की ते थांबते. (मुलाला उताणे निजविण्याची आपली जुनी रीत मात्र सोडून दिली पाहिजे. त्याने रक्त थांबत नाही, फक्त घशात उतरून दिसेनासे होते.)

परंतु घोळणा फुटण्याचा एक प्रकार असा आहे, की त्याला यांपैकी काहीही लागू पडत नाही. तो विरळा आहे. आणि तो जवळजवळ केवळ मुलग्यांनाच, तेही वयात येण्याच्या सुमारास, साधारणपणे दहा ते वीस वर्षांच्या दरम्यान होतो. डॉक्टरी भाषेत त्याचे नाव ‘जुव्हेनाइल नेझोफॅरिंजिअल अँजिओफायब्रोमा’ असे लांबलचक आहे. अँजिओ म्हणजे रक्तवाहिनी आणि फायब्रोमा म्हणजे तंतूंची गाठ. नाकाच्या पाठीमागे, घशाच्या वरच्या पोकळीत, किशोरवयात होणारी रक्तवाहिन्यांची व तंतूंची गाठ, एवढाच त्या नावाचा अर्थ.

मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. या गाठीशी माझा परिचय झाला तो एका फायलीमुळे. विदर्भातील एका गावच्या सरकारी कचेरीतील लिपिकाने आपल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या उपचारांचा खर्च परत मिळावा म्हणून अर्ज केला होता. हिशेब तपासणाऱ्याने त्यावर शेरा मारला होता, की रोग एक असता शस्त्रक्रिया दोन कशा, आणि एकाच आठवड्यात दोन वेगळी बिले का? प्रश्न हिशेबाच्या दृष्टीने रास्त होता. त्याचे उत्तर शोधताना मला मुलाचे सर्व कागद वाचावे लागले, आणि जेथे कागद पुरे पडले नाहीत तेथे त्याच्या वडिलांना व शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे लागले.

मुलाला पहिल्यांदा रक्त आले ते एप्रिलमध्ये. विदर्भाचा एप्रिल म्हटल्यावर उष्णतेवाचून दुसरे कारण कोणाच्या मनात येणार? पण जून लागला, पाऊस पडला, हवा ओलसर झाली, तरी रक्त थांबेना. ते प्रत्येक वेळी उजव्या नाकपुडीतूनच येई. त्याला दुखत काहीच नसे, आणि रक्त येण्यापूर्वी काही लागल्याचेही आठवत नसे. एकदा तर शाळेत त्याचा सदरा व वहीची पाने भिजून गेली. याच सुमारास त्याची उजवी नाकपुडी चोंदली होती. सर्दी समजून थेंब झाले, ॲलर्जी समजून गोळ्या झाल्या. सर्दीने चोंदलेले नाक आज हे तर उद्या ते असे बदलते, चार दिवसांनी मोकळे होते. हे एकाच बाजूने चोंदले आणि महिन्यामहिन्याने अधिकच बंद होत गेले. मुलगा तोंड उघडे टाकून झोपू लागला, घोरू लागला, त्याचा आवाज गेंगाणा झाला. पुढे उजव्या कानाने कमी ऐकू येऊ लागले, कारण कानाची हवा खेळविणारी नळी घशाच्या ज्या कोपऱ्यात उघडते, त्या कोपऱ्यातच गाठ जाऊन बसली होती. ऑक्टोबरमध्ये त्याचे हिमोग्लोबिन साडेसातापर्यंत उतरले, तेव्हा जिना चढताना त्याला धाप लागू लागली.

मुलगा, वय चौदा, एकाच बाजूचे नाक बंद, आणि त्याच बाजूने वारंवार पुष्कळ रक्त. एवढ्या गोष्टी एकत्र दिसल्या की कान, नाक व घसा यांच्या तज्ज्ञाच्या मनात या गाठीचा संशय येतोच. मुलगी असती तर तो जवळजवळ आला नसता. या गाठीच्या पेशींत पुरुषी संप्रेरकांना प्रतिसाद देणारे बिंदू आढळले आहेत, त्यावरून वयात येण्याशी तिचा संबंध असावा असे मानतात. मात्र ती एखाद्याच मुलाला का होते, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

येथे एक प्रसंग ओढवता ओढवता टळला. एके ठिकाणी नाकात डोकावून ‘कोंब वाढला आहे, ओढून काढू, नाहीतर निदान तुकडा काढून तपासावयास पाठवू’ असे सांगण्यात आले होते. नाकातला साधा कोंब फिकट, द्राक्षाच्या मगजासारखा दिसतो. हा गुळगुळीत, तांबूस-जांभळा होता, आणि त्यावर शिरा दिसत होत्या. इतर बहुतेक गाठींच्या बाबतीत तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हा निदानाचा राजमार्ग होय. या एका गाठीच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. त्याचे कारण गाठीच्या घडणीतच आहे.

आपल्या शरीरातील रोहिणी कापली गेली तर तिच्या भिंतीतील स्नायू आकुंचन पावतात, तोंड आवळले जाते, आणि तेवढ्या अवधीत रक्त गोठते. या गाठीतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींत हा स्नायूंचा थर नसतो, किंवा असला तर अर्धामुर्धा असतो. तंतूंच्या चिवट जाळ्यात ताणून धरलेल्या त्या जणू उघड्या नळ्याच असतात. त्यांना आवळता येत नाही. म्हणूनच मुलाचे रक्त आपोआप थांबत नव्हते, आणि म्हणूनच दवाखान्यातील खुर्चीत बसवून तिचा तुकडा तोडणे हे प्राणावर बेतू शकते. वडिलांनी दुसऱ्या डॉक्टरांना विचारले, “साहेब, एवढासा तुकडा काढल्याने काय होणार?” डॉक्टर म्हणाले, “तुकडा एवढासाच निघेल, पण रक्त थांबविण्याचे साधन माझ्या हाती असणार नाही.” वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे पुढचे सारे त्यांनी या एका वाक्यावर सोपविले.

मग तुकड्यावाचून निदान कसे होते? छायाचित्रावरून. गाठ उगवते ती नाकाच्या अगदी मागच्या बाजूस, हाडातील एका लहानशा छिद्रापाशी, ज्यातून नाकाची मुख्य रोहिणी आत येते. तेथून ती दोन्हीकडे पसरते. आतल्या अंगाने नाकात व घशात, आणि बाहेरच्या अंगाने गालाच्या हाडातील पोकळीच्या पाठीमागील फटीत. ही गाठ कर्करोग नव्हे, ती दूरच्या अवयवांत बीजे टाकीत नाही. पण वाढताना ती वाटेतले हाड ढकलते आणि झिजविते. त्या फटीत शिरली की गालाच्या पोकळीची मागील भिंत पुढे वाकते, शिडात वारा भरावा तशी. क्ष-किरणांवर दिसणारी ही खूण 1965 मध्ये होल्मन व मिलर यांनी वर्णिली, आणि आजही सीटी स्कॅनवर डॉक्टर तीच आधी शोधतात. आमच्या या मुलाच्या चित्रात ती स्वच्छ होती. एमआरआयवरून दुसरी गोष्ट ठरली: गाठ डोळ्याच्या खोबणीत किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली नव्हती. गेली असती तर डोळा पुढे आला असता, आणि शस्त्रक्रिया कितीतरी अवघड झाली असती.

आता हिशेबनिसाच्या प्रश्नाकडे येतो. गाठीला रक्त पुरविणारी मुख्य रोहिणी जबड्याच्या आतून जाते. शस्त्रक्रियेपूर्वी एकदोन दिवस जांघेतील रोहिणीतून एक बारीक नळी आत सरकवीत, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, मानेतून थेट त्या रोहिणीपर्यंत नेतात, आणि तिच्यातून बारीक कण सोडतात. ते गाठीतील वाहिन्यांत जाऊन अडकतात व तिचे रक्त तोडतात. याला एम्बोलायझेशन म्हणतात. हेच ते पहिले बिल. काम नाजूक आहे, कारण एखादा कण भलत्या वाटेने डोळ्याच्या किंवा मेंदूच्या रोहिणीत गेला तर दृष्टी जाऊ शकते, पक्षाघात होऊ शकतो. आणि ते करून महिनाभर थांबताही येत नाही. शरीर आजूबाजूच्या वाहिन्यांतून नव्या वाटा उघडते आणि गाठ पुन्हा भरू लागते. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात. फायलीवर हे इतकेच लिहिले, आणि शेरा मागे घेतला गेला.

त्या आधी मुलाला रक्त देऊन हिमोग्लोबिन वर आणण्यात आले होते. शस्त्रक्रियेस चार तास लागले. पूर्वी अशा गाठीसाठी नाकाच्या कडेने चेहरा चिरावा लागे, किंवा टाळू उघडावी लागे. फार मोठ्या गाठींना आजही तसे काही करावे लागते. येथे सारे काम दुर्बिणीने नाकपुडीतूनच झाले. गालाच्या पोकळीची मागची भिंत काढून रोहिणी चिमट्याने बंद केली, गाठ भोवतालच्या भागांपासून सोडवीत आणली, आणि शेवटी तिच्या मुळाजवळचे हाड बारीक यंत्राने घासले. सुमारे अर्धा लिटर रक्त गेले. पाचव्या दिवशी मुलगा घरी आला. उजव्या गालावर काही आठवडे बधिरपणा राहिला, तो हळूहळू ओसरला. कानाचे ऐकणे परत आले.

मुळाजवळचे हाड घासण्याचे महत्त्व मला नंतर कळले. ही गाठ परत येते ती बहुधा नवी उगवत नाही. कवटीच्या तळाच्या हाडातील सापटीत तिचे एखादे बोट शिरून राहिलेले असते, तेच पुन्हा वाढते. म्हणून शस्त्रक्रिया झाल्यावरही काही वर्षे ठरावीक अंतराने एमआरआय करीत राहावे लागते. जेथे मूळ मेंदूजवळ असते आणि काढणे धोक्याचे, तेथे किरणोपचाराचा विचार होतो. पण कोवळ्या वयात दिलेल्या किरणांमुळे पुढे कित्येक वर्षांनी कर्करोग उद्भवण्याची भीती असते, म्हणून डॉक्टर त्याकडे सहजासहजी वळत नाहीत.

आमच्या या मुलाच्या सहा महिन्यांनंतरच्या चित्रात त्याच हाडाच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा ठिपका चमकलेला दिसला. वडिलांचा धीर सुटला. पुन्हा शस्त्रक्रिया करावी काय, हा प्रश्न आला. डॉक्टरांनी थांबावयाचे ठरविले, कारण एवढे अवशेष पुष्कळदा तसेच राहतात, आणि वय वाढेल तसे काही आक्रसतही जातात. रक्त येऊ लागले किंवा चित्रात ठिपका मोठा दिसला तरच हात घालावयाचा. एक वर्षानंतरच्या चित्रात तो होता तेवढाच होता. पुढील एमआरआय सहा महिन्यांनी आहे, आणि त्याचे बिलही यथाकाल माझ्याच टेबलावर येईल.