खिळ्यांच्या उंचीचं चित्र

खिडकीजवळच्या उतरत्या फळीवर लाकडी खणांची केस मांडलेली आहे. एका खणात एकच अक्षर. समोर चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा उभा आहे. डाव्या हातात लाकडी स्टिक, उजव्या हाताची दोन बोटं खणांतून फिरतायत. एक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये उभा करायचा, अंगठ्याने दाबून धरायचा, मग पुढचा. अक्षर खिळ्यावर उलटं कोरलेलं आणि स्टिकमध्ये डोकं खाली करून ठेवलेलं. त्यामुळे ओळ वाचायची तर डावीकडूनच, पण शीर्षासन केलेल्या अक्षरांची. 'एन' उभा केला की तो 'यू'सारखा दिसतो. 'बी' हा 'पी' वाटतो आणि 'डी' हा 'क्यू'. पहिले काही महिने पोरग्याची रात्रही याच अक्षरांनी भरलेली असते.

आज मात्र त्याचं लक्ष खिळ्यांकडे कमी आणि दाराकडे जास्त आहे. मालक नगरसभेत गेलेत. तिथे लाकडी ठसे कोरणारे कारागीर तक्रार घेऊन उभे आहेत.

हा पोरगा कल्पनेतला आहे. पण शहर खरं, मालक खरे आणि भांडणही खरं. शहर म्हणजे दक्षिण जर्मनीतलं ऑग्सबुर्ग. मालक म्हणजे ग्युंटर झाइनर, मूळचा रॉयटलिंगेनचा. सुट्या खिळ्यांनी छापण्याची विद्या माइन्त्स आणि स्ट्रासबुर्गकडून नुकती बाहेर पडू लागली होती. १४६८ च्या मार्चमध्ये झाइनरने ऑग्सबुर्गमधलं पहिलं तारीख नोंदवलेलं पुस्तक छापून पुरं केलं. त्यानंतर लवकरच शहरातल्या गिल्डशी, म्हणजे कारागिरांच्या संघाशी, त्याची गाठ पडली.

गिल्डची भीती कशाची?

१३६८ पासून ऑग्सबुर्गचा कारभारच गिल्डांच्या हाती होता. सुतार, विणकर, खाटीक अशा प्रत्येक धंद्याचं गिल्ड होतं आणि नगरसभेत त्याची माणसं बसत. गिल्डबाहेरच्या माणसाने दुसऱ्याच्या धंद्यात हात घातला, तर तक्रार ऐकून घेणारे आणि निकाल देणारे एकाच वर्तुळातले असत. शिवाय शहरात धंदा करायचा तर नागरिकत्व हवं, आणि झाइनरला तो हक्क मिळू नये अशीच मागणी ठसे कोरणाऱ्यांनी केली होती.

उमेदवार पोराला याची झळ जास्त लागते. एखाद्या सुताराकडे उमेदवारी केली, तर वर्षं संपल्यावर गिल्ड त्याला कारागीर म्हणून स्वीकारणार, हे ठरलेलं. छपाईचं मात्र गिल्डच नव्हतं. धंदा इतका नवा, की शहरातल्या कुठल्याच चौकटीत तो बसत नव्हता. मालकाला शहर सोडावं लागलं, तर पोरग्याची शिकलेली वर्षं कुणाच्याही वहीत जमा होणार नव्हती.

तक्रार करणारेही पोटासाठीच आले होते. संतांची चित्रं, पत्त्यांचे कॅट, भिंतीवरची दिनदर्शिका हा त्यांचा माल. नासपतीच्या लाकडाच्या फळीवर रेघा उंच ठेवून बाकीचं लाकूड चाकूने उतरवायचं. मग ठशावर शाई लावून ओला कागद पसरायचा आणि कागदाच्या पाठीवरून गादीने घासायचं. चित्राखालचा मजकूरही ते त्याच लाकडात अक्षर-अक्षर कोरत. आता मजकूर खिळ्यांनी होऊ लागला होता. त्यातच छापणाऱ्याने चित्रंही स्वतःच करायला घेतली, तर त्यांच्या हातात काहीच उरलं नसतं.

एका चौकटीत दोन धंदे

भांडण नेमकं चित्रावर का अडलं, हे कळायला छापखान्यातला एक फर्मा जवळून पाहायला हवा.

बांबेर्ग शहरात आल्ब्रेख्त फिस्टर याने १४६१ च्या सुमारास चित्रांची पुस्तकं खिळ्यांनी छापली होती. पण त्याच्या सुरुवातीच्या कामात आधी मजकूर छापला जाई आणि चित्र नंतर वेगळं उठवलं जाई. म्हणजे प्रत्येक कागद दोनदा दाबायचा आणि दोन्ही वेळा जागा जुळवायची. ठसा खिळ्यांच्या शेजारीच चौकटीत बसवला, तर एकाच दाबात पान पुरं होतं. तेवढ्यासाठी एकच अट पाळावी लागते. ठशाची उंची खिळ्यांच्या उंचीइतकीच हवी.

ऐकायला सोपी वाटणारी ही अट पोरग्याचा अख्खा दिवस खाते. शिसं, कथील आणि अँटिमनी मिसळून साच्यात ओतलेले खिळे सगळे एका उंचीचे असतात. त्यांच्यामध्ये तो लाकडाचा ठसा बसवतो, चौकट बाजूंनी पाचरी ठोकून आवळतो आणि नमुन्याचा कागद उठवतो. ठसा केसभर खाली असेल, तर चित्र फिकं येतं. मग तळाला कागदाचे तुकडे चिकटवून तो उचलायचा. ठसा वर राहिला असेल, तर तोच सगळा दाब खातो. चित्राच्या कडेला कागद फाटायला येतो आणि आजूबाजूच्या ओळी पुसट होतात. अशा वेळी तळ तासावा लागतो, आणि तासताना हात चुकला तर ठसा गेला.

उंची जमली तरी लाकूड स्वस्थ बसत नाही. शाई चांगली धरावी म्हणून कागद ओलसर केलेला असतो आणि काम झालं की फर्मा क्षाराच्या पाण्याने धुतात. धातूला पाण्याचं काही होत नाही, लाकूड मात्र पाणी पिऊन फुगतं. सकाळी घट्ट बसलेला ठसा दुपारी शेजारच्या ओळींना ढकलू लागतो. रात्री तो सुकून आकसला, की दुसऱ्या दिवशी पाचरी सैल. मग जवस तेल आणि काजळीची चिकट शाई लावणारा चामड्याचा गोळा वर उचलला जातो, तेव्हा एखादा सैल खिळाही त्याला चिकटून निघतो. कोलोनमध्ये छापलेल्या १५ व्या शतकातल्या एका पुस्तकात असाच निसटलेला खिळा फर्म्यावर आडवा पडला आणि कुणाच्या लक्षात न येता छापून गेला. त्या एका चुकीमुळे त्या काळचा खिळा कसा दिसत होता हे आज कळतं.

ठशाच्या कडेची चौकटीची बारीक रेघ सगळ्यात आधी तुटते, कारण दाबाचा पहिला मार तिला बसतो. हाच ठसा पुढे दुसऱ्या पुस्तकात दिसला, तर रेघेतली फट मोजून कुठलं पुस्तक आधीचं हे अभ्यासक ओळखतात. एकदा पडलेली फट पुढे कधी भरून येत नाही.

मठाधिपतींचा तोडगा

या भांडणात मध्ये पडले मेल्शिओर फॉन श्टामहाइम, ऑग्सबुर्गच्या सेंट उल्रिख आणि आफ्रा मठाचे प्रमुख. मठाला पुस्तकं हवी होती. १४७२ मध्ये त्यांनी मठातच छापखाना उभा केला, यावरून त्यांचा कल कळतो. त्यांच्या शब्दावर झाइनरला आणि त्याच्याबरोबर शहरात छपाई करणाऱ्या योहान श्युसलरला काम सुरू ठेवता आलं. पण पहिल्या टप्प्यात चित्रांना मनाई होती. १४७१ च्या सुमारास दुसरा समझोता झाला. पुस्तकात चित्रं घालायला हरकत नाही, पण ठसे शहराच्या गिल्डमधल्या कारागिरांकडूनच कोरून घ्यायचे.

हा तोडगा चालला, कारण कामाची विभागणी फर्म्यातच होऊन बसली होती. खिळे जुळवणाऱ्याला चाकू चालवता येत नव्हता आणि कोरणाऱ्याकडे खिळे नव्हते. दोघांना जोडणारी एकच गोष्ट म्हणजे ठरवलेली उंची. कोरणाऱ्याने फळी त्या उंचीची आणून द्यायची, छापणाऱ्याने तिच्याभोवती ओळी जुळवायच्या.

आता या दुसऱ्या समझोत्याच्या दिवशी पोरग्याकडे परत येऊ. मालक संध्याकाळी परतले. पोरग्याने विचारलं, "मालक, आपण राहतोय का इथे?"

"राहतोय," मालक म्हणाले. "पण ठसे त्यांचे."

पोरग्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि लगेच दुसरं चढलं. आजवर नमुना बिघडला तर चूक घरातल्या घरात मिटत होती. आता ठसा दुसऱ्याच्या हातचा असणार. तो तासताना फुटला, तर कोरणारा विचारायला येईल. ज्यांच्या भीतीने तो दिवसभर दाराकडे पाहत होता, त्यांचंच काम आता रोज त्याच्या बोटांखाली असणार होतं.

पहिला ठसा आला तेव्हा त्याने खिळ्याशेजारी तो उभा करून उंची पाहिली. वरून बोट फिरवलं. किंचित उंच. कोरणारा दारातच थांबला होता. पोरग्याने काही न बोलता ठसा त्याच्यापुढे धरला. त्याने तो पालथा केला, तळावरून रंधा एकदाच फिरवला आणि परत दिला. पोरग्याने पुन्हा बोट फिरवलं. या वेळी बोट कुठे अडखळलं नाही.

सहीत नसलेले दोघं

ऑक्टोबर १४७१ मध्ये झाइनरच्या छापखान्यातून संतांच्या चरित्रांचा जर्मन ग्रंथ बाहेर पडला, चित्रांसह. दुसरा भाग पुढच्या एप्रिलमध्ये आला. इतर छापखान्यांनीही याच वाटेने चित्रांची जर्मन पुस्तकं काढली, आणि काही वर्षांतच ऑग्सबुर्ग अशा पुस्तकांचं मोठं केंद्र झालं. छपाईने पोट मारलं जाईल या भीतीने जे नगरसभेत गेले होते, त्यांच्याच ठशांना मागणी वाढली.

१९ नोव्हेंबर १४७२ ची तारीख असलेलं झाइनरचं एक पुस्तक आजही ग्रंथालयांत जपलेलं आहे. सेव्हिलच्या इसिडोरचा लॅटिन ज्ञानकोश. त्यातल्या एका पानावर ओळींच्या मध्ये छोटं वर्तुळ आहे, आणि आतल्या रेघांनी त्याचे तीन भाग पाडलेत. वरच्या अर्ध्या भागात आशिया, खाली डावीकडे युरोप, उजवीकडे आफ्रिका. युरोपात छापला गेलेला हा पहिला नकाशा. त्याचा ठसा लाकडाचा, भोवतालचा मजकूर खिळ्यांचा, आणि दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी उठलेले.

पुस्तकाच्या शेवटी छापणाऱ्याचं नाव आहे, रॉयटलिंगेनच्या ग्युंटर झाइनरचं. वर्तुळ कुणी कोरलं आणि त्याच्याभोवती ओळी कुणी जुळवल्या, ही नावं कुठेच नाहीत. पण वर्तुळ फिकं नाही आणि शेजारच्या ओळीही पुसट झालेल्या नाहीत. कुणीतरी ठसा बेताने तासला होता आणि कुणीतरी त्यावरून बोट फिरवून पाहिलं होतं, एवढं ते पान पाहणाऱ्याला अजूनही कळतं.